ओसरलं ते नेमकं काय? मालवणकडच्या एका जोडीचं प्रकरण

"ताई, आता पहिल्यासारखं वाटत नाही."

सिंधुदुर्गात समुपदेशनाचं काम करताना हे वाक्य मी सर्वांत जास्त वेळा ऐकलं आहे. लग्न ठरवण्याच्या उंबरठ्यावर असलेली मुलं-मुली ते बोलतात, तेव्हा त्यांच्या आवाजात दुःखापेक्षा भीती जास्त असते. हे सगळ्यांचंच होतं, की आपलं माणूसच चुकलं, हे त्यांना लवकरात लवकर कळायला हवं असतं. इथे लिहिते आहे ते प्रकरण मी निवडलं, कारण त्यात या दोन्ही प्रश्नांची उत्तरं सापडली आणि ती एकमेकांपासून अगदी वेगळी निघाली. दोघांच्या परवानगीने लिहिते आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिला मुग्धा म्हणू, त्याला संकेत.

मुग्धा बँकेत नोकरीला, वय सत्तावीस. संकेत तारकर्ली-देवबागच्या पट्ट्यातला, वय तीस. घरचं होमस्टे, चार खोल्या, आणि पर्यटकांना खाडीत फिरवायला एक बोट. ओळख झाली आंगणेवाडीच्या जत्रेत, फेब्रुवारीत. तेव्हा मुग्धा रत्नागिरीला होती. पुढचे सोळा महिने भेटी शनिवार-रविवारच्याच. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँक बंद, म्हणून शुक्रवारी संध्याकाळीच गाडी पकडून कुडाळ आणि तिथून एसटीने मालवण. कधी तोच मोटरसायकल काढून रत्नागिरीला जायचा आणि मध्यरात्री परत फिरायचा. मग पुढच्या वर्षी जूनमध्ये तिची बदली मालवणला झाली. दोघांनाही वाटलं, सुटलो एकदाचे. नोव्हेंबरात ती माझ्याकडे आली ती एकटी. साखरपुडा मार्गशीर्षात करायचं दोन्ही घरांत बोलणं झालं होतं आणि तिला रात्री झोप लागत नव्हती.

"तो समोर बसलेला असतो आणि मला काहीच होत नाही," ती म्हणाली. "आधी त्याच्या गाडीचा आवाज आला तरी पोटात गोळा यायचा. आता वाटतं, आला, बरं झालं. एवढंच. हे प्रेम असतं का?"

अशा वेळी मी आधी एक गोष्ट बघते. हे बधिरपण फक्त त्या एका माणसापुरतं आहे की सगळ्या जगण्यावर पसरलंय? जेवणाची चव, मैत्रिणींची ओढ, कामातला रस हे सगळंच गेलं असेल, तर आधी डॉक्टरांकडे पाठवायचं. नैराश्य असू शकतं, थायरॉईड असू शकतो, चालू असलेल्या एखाद्या गोळीचा परिणाम असू शकतो. असं माणूस स्वतःच्या मनाची मरगळ जोडीदाराच्या नावावर मांडतं. मुग्धाचं तसं नव्हतं. भजनी मंडळात जात होती, हसत होती, डब्यात काय होतं ते रंगवून सांगत होती. झोप मात्र उडाली होती, आणि ती या प्रश्नामुळेच. दुसरं विचारलं, त्याची भीती वाटते का, तो फोन तपासतो का, हात उगारतो का. यातलं एक जरी 'हो' असतं तरी आकर्षण ओसरल्याची चर्चा मी तिथेच थांबवली असती. तसंही काही नव्हतं.

मग मी तिला घरी जाऊन एक काम करायला सांगितलं. हे कधीपासून सुरू झालं ते अंदाजाने सांगू नकोस, फोनमधले जुने मेसेज आणि कॉल बघून महिन्यागणिक लिहून आण.

तिचा अंदाज होता दिवाळी. दिवाळीला सीझन सुरू होतो, संकेत कामात बुडाला, तेव्हापासून सगळं थंड झालं, असं ती मनाशी धरून बसली होती. पण तिने लिहून आणलेल्या कागदावर वेगळंच दिसत होतं. रत्नागिरीच्या दिवसांत रात्री दीड-दोनपर्यंत चालणारे मेसेज जुलैतच आटोपशीर झाले होते. जुलैत संकेतला काम नव्हतं. भर पावसात बोट वर काढून ताडपत्रीखाली ठेवलेली, खोल्या रिकाम्या, दोघं रोज भेटत होते. म्हणजे तो कामात बुडाला म्हणून हे झालं नव्हतं. तो रोज भेटायला लागला, तिथून हे सुरू झालं होतं.

डोरोथी टेनोव्ह या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1979 मध्ये या पहिल्या झपाटलेपणाला 'लिमरन्स' असं नाव दिलं. शेकडो लोकांशी बोलून त्यांनी जे मांडलं, त्यातल्या दोन गोष्टी इथे कामाच्या आहेत. हे झपाटलेपण साधारण दीड ते तीन वर्षं टिकतं, आणि ते अनिश्चिततेवर पोसलं जातं. समोरचा मिळेल की नाही, भेट होईल की नाही, ही टांगती शंका हेच त्याचं खाद्य. मुग्धा-संकेतच्या बाबतीत ते अंतराने पुरवलं होतं. गाडी चुकली तर पंधरा दिवस भेट नाही! बदलीने ते खाद्य एका महिन्यात बंद केलं. एकाच गावात भेटणाऱ्या जोडीत हे हळूहळू उतरलं असतं. यांच्यात ते झपकन उतरलं, म्हणून तिला ते काहीतरी मोडल्यासारखं वाटलं.

शरीरही तेच सांगतं. इटलीत पिसा विद्यापीठात दोनातेल्ला माराझ्झिती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 मध्ये, नुकतेच प्रेमात पडलेल्या वीस जणांचं रक्त तपासलं. सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाची ने-आण करणारी प्रथिनं त्यांच्या रक्तात कमी होती, आणि ती जवळपास तेवढीच कमी होती जेवढी सक्तीचे विचार येण्याचा आजार असलेल्या रुग्णांत. यातल्या काही जणांना बारा ते अठरा महिन्यांनी पुन्हा तपासलं, तेव्हा पातळी नेहमीसारखी झाली होती. लोक थोडे आहेत, त्यामुळे यावर फार मोठा इमला बांधू नये. पण मी मुग्धाला हे सांगितलं, कारण तिला एक गोष्ट समजायला हवी होती. पोटात गोळा येणं, झोप न लागणं, तेच तेच विचार येणं हा बराचसा अस्वस्थपणा होता. तो गेला म्हणून ती घाबरली होती.

दुसऱ्या भेटीला संकेत आला. बोटीवर असतो तसाच, बोलायला अवघडलेला. मुग्धाने हा प्रश्न त्याला सांगितला होता आणि तो दुखावला होता, पण आला होता. म्हणाला, "माका काय येगळा वाटणा नाय. आजी म्हणता, भांग लागलो म्हणान दर्या आटता काय?"

अष्टमीच्या आसपास भरती आणि ओहोटीतला फरक कमी होतो, पाणी जोर धरत नाही, त्याला किनाऱ्यावर भांग म्हणतात. पौर्णिमा-अमावास्येचं ते उधाण. आजीचं म्हणणं मला आवडलं, आणि मी त्याला ते सांगितलंही. पण हेही सांगितलं की आजीचं म्हणणं अर्धंच खरं आहे. काही जोड्यांत खरंच आटतं. आणि वरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं.

मग फरक ओळखायचा कसा? माझ्या मते इथे बहुतेक लोक 'उत्साह गेला' हा एकच शब्द वापरतात आणि तिथेच घोळ होतो. त्या शब्दात निदान तीन गोष्टी असतात. एक ध्यास, म्हणजे तो सततचा विचार, ती धाकधूक. दुसरी ओढ, म्हणजे शरीराची आणि सहवासाची इच्छा. आणि तिसरी माया, म्हणजे त्याचं बरं-वाईट मला लागतं आणि माझं त्याला लागतं ही खात्री. ध्यास जवळपास सगळ्यांचा ओसरतो. ओढ कमी-जास्त होत राहते, थकवा, पाऊस, सासरचे पाहुणे, सगळ्याचा तिच्यावर परिणाम होतो. माया मात्र ओसरायला नको. ती ओसरत असेल तर थांबून बघायला हवं.

हे माझं घरगुती वर्गीकरण असलं तरी त्यामागे आधार आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात टेड ह्यूस्टन यांनी 1981 मध्ये लग्न झालेल्या 168 जोडप्यांचा तेरा वर्षं मागोवा घेतला. पुढे घटस्फोट झालेल्यांना आणि टिकलेल्यांना वेगळं करणारी गोष्ट पहिल्या दोन वर्षांतच दिसत होती. ज्यांच्यात प्रेमाने वागणं झपाट्याने घटलं आणि 'हा माझ्या हाकेला उभा राहतो' ही खात्री उडत गेली, ते मोडण्याच्या वाटेवर होते. कुरबुरी किती होतात यापेक्षा हे उतरणं जास्त बोलकं ठरलं. ती परदेशातली लग्न झालेली जोडपी होती, आपल्याकडच्या साखरपुड्याआधीच्या जोडीला ते मोजमाप जसंच्या तसं लावता येणार नाही. पण काय बघायचं हे त्यावरून कळतं. उलट बाजूही आहे. बियांका आसेवेदो आणि आर्थर ॲरन या मानसशास्त्रज्ञांनी दीर्घकाळ सुखाने नांदणाऱ्या सतरा जणांच्या मेंदूची छायाचित्रं घेतली. त्यांची लग्नं होऊन सरासरी 21 वर्षं झाली होती, आणि जोडीदाराचा फोटो बघताना मेंदूतली आनंदाची तीच केंद्रं जागी होत होती जी नव्या प्रेमात होतात. ध्यास गेल्यावरही ओढ राहू शकते, असं त्यातून दिसतं. सगळ्यांची राहते असं मात्र त्यातून म्हणता येत नाही, कारण ती निवडलेली माणसं होती.

तर मुग्धा-संकेतची माया मोजायची होती. त्यासाठी मी दोघांना वेगवेगळी वही दिली, पंधरा दिवसांसाठी. वहीत एवढंच लिहायचं, मी कधी साद घातली आणि समोरून ओ आली की नाही. साद म्हणजे काही मोठं नाही. "हे बघ, केवढा बगळ्यांचा थवा," ही साद. "आज डोकं दुखतंय," ही साद. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी नवविवाहितांना सहा वर्षांच्या अंतराने पाहिलं तेव्हा, टिकलेल्या जोड्यांनी अशा दर शंभरातल्या 86 सादांना ओ दिली होती आणि मोडलेल्यांनी 33 ना, असं त्यांनी मांडलं आहे. मी त्या आकड्यांशी कुणाची तुलना करत नाही. मला फक्त कुठे ओ येत नाही ती जागा बघायची असते.

मुग्धाच्या वहीत पंधरा दिवसांत एकेचाळीस सादा होत्या, सव्वीसना ओ. न आलेल्या पंधरापैकी तेरा सकाळी आठ ते संध्याकाळी सहा या वेळेतल्या, म्हणजे तो पाण्यावर किंवा पाहुण्यांत असतानाच्या. एक नोंद अजून आठवते. 'मंगळवार. दुपारी मेसेज, आज मॅनेजर खूप बोलले. उत्तर नाही. रात्री आला. काही बोलला नाही. तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं घेऊन आला होता. आईने केलं म्हणाला. नंतर कळलं, त्याने करायला लावलं.' तिने याच्यापुढे 'ओ नाही' असं लिहिलं होतं, मग खोडून 'ओ' लिहिलं होतं, मग प्रश्नचिन्ह. मी त्या प्रश्नचिन्हावर बराच वेळ थांबले. तिखलं ही ओ होतीच. पण तिला त्या दिवशी कुणीतरी विचारायला हवं होतं, काय बोलले ते मॅनेजर. दोन्ही खरं आहे, आणि पहिल्याने दुसऱ्याची गरज संपत नाही, हे मी संकेतला स्पष्ट सांगितलं.

संकेतची वही लहान होती. सतराच सादा. पण त्यातल्या अकरांना ओ नव्हती, आणि ते वाचून मुग्धा गप्प झाली. बोटीला नवा रंग देताना त्याने तिला दोन रंगांचे पट्टे मारून दाखवले होते. ती म्हणाली होती, कुठलाही चालेल. खाडीत सकाळी पाणमांजर दिसलं ते तो सांगत होता, ती फोन बघत होती. त्या महिन्यात ती त्याच्याकडे बघतच नव्हती. समोर तो असताना ती स्वतःच्या छातीत काही धडधडतंय का ते तपासत बसलेली असायची. हे फार जणांचं होतं, आणि या तपासण्यानेच उरलेली ओढही मरते. झोप लागली का हे दर पाच मिनिटांनी बघणाऱ्याला झोप लागत नाही, तसंच. मी तिला ती तपासणी दिवसातून एकदाच, वहीत, रात्री करायला सांगितली. बाकी वेळ मनात प्रश्न आला की 'रात्री बघू'.

इथवर निष्कर्ष सरळ होता. ध्यास उतरलाय, तो उतरायचाच होता. माया शाबूत आहे, थोडी दुर्लक्षित आहे. अनेक समुपदेशक इथे थांबतात आणि 'नॉर्मल आहे, काळजी करू नका' म्हणून जोडीला घरी पाठवतात. मीही पूर्वी तसं केलेलं आहे, आणि त्यातल्या एका जोडीचं लग्न वर्षभरात मोडलेलं पाहिलं आहे. ध्यास ओसरणं स्वाभाविक असलं म्हणून जोडी जुळणारी आहे असं होत नाही. शिवाय तो ध्यास असताना काही गोष्टी झाकलेल्या असतात. पंधरा दिवसांतून दीड दिवस भेटणारी माणसं त्या दीड दिवसात अवघड विषय काढत नाहीत. भेट नासवायची नसते. सोळा महिने न काढलेले विषय किती, हे आता बघायला हवं होतं.

त्यासाठी माझी एक साधी पद्धत आहे. दोघांना वेगवेगळं बसवून सांगते, तीन वर्षांनंतरचा जानेवारीतला एक शनिवार लिहा. सीझन ऐन भरात आहे, लग्न झालेलं आहे. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत, तासागणिक, कोण कुठे आहे आणि काय करतंय. स्वप्न लिहू नका, साधा दिवस लिहा.

संकेतने लिहिलं ते असं. साडेपाचला उठायचं. सहाला डॉल्फिन बघायला जाणारी पहिली फेरी. 'मुग्धा आणि आई नाश्ता बघतात, घावणे-चटणी, बारा-चौदा माणसं.' दुपारी जेवणं, 'मुग्धा वाढते.' चारला संगमावरची फेरी. रात्री हिशेब, 'हिशेब मुग्धा करते, तिला चांगला जमतो.' रात्री अकराला दोघं पडवीत.

मुग्धाने लिहिलं, साडेसातला उठायचं, शनिवार आहे ना. दहाला बँक, कारण हा पहिला शनिवार आहे. प्रमोशनच्या परीक्षेचा अभ्यास दुपारच्या सुट्टीत. संध्याकाळी साडेसहाला घरी, चहा, मग दोघं किनाऱ्यावर चालायला. रात्री जेवण बाहेर किंवा आईंनी केलेलं.

मी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. त्याच्या शनिवारात बँक नव्हती. तिच्या शनिवारात स्वयंपाकघर नव्हतं.

दोघांपैकी कुणीही खोटं बोललं नव्हतं, काही लपवलं नव्हतं. आमच्याकडचे होमस्टे घरातल्या बायकांच्या हातावर चालतात, पाहुणे 'घरच्या हातचं' खायलाच येतात. संकेतने आईला आणि काकीला आयुष्यभर तेच करताना पाहिलं. सून आली की ती त्यात येईल हे त्याला सांगायची गोष्टच वाटली नव्हती. मुग्धाला तर तिची नोकरी हा विषय चर्चेचा असू शकतो हेच सुचलं नव्हतं. आणि मग मुग्धा जे म्हणाली ते मला या प्रकरणातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. "गेले दोन महिने त्याच्या घरी गेले की मला लवकर निघावंसं वाटतं. मला वाटायचं, त्याच्याबद्दल काही वाटेनासं झालंय. खरं म्हणजे त्याची आई मला आत बोलावते, पोळ्या लाटायला. मला त्या बोलावण्याची भीती वाटत होती." म्हणजे 'उत्साह गेला' या नावाखाली दोन गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या होत्या. ध्यास उतरला होता, तो आपोआप. आणि एक खरा, अंगावर येणारा बेबनाव तिच्या शरीराला आधी कळला होता, शब्दांत आला नव्हता.

हा बेबनाव म्हणजे न जुळणं का? इथे माझं मत ठाम आहे. फरक सापडणं म्हणजे न जुळणं नाही, कारण फरक प्रत्येक जोडीत सापडतात. फरक टेबलावर आल्यानंतरच्या अर्ध्या तासात काय होतं, ते बघायचं. एकजण दुसऱ्याला तुच्छ लेखतो का, नाक मुरडून, हसण्यावारी नेऊन, 'बँकेतली मडमीण' वगैरे म्हणून? एकजण ऐकायचंच बंद करतो का? की निदान एक प्रश्न तरी विचारला जातो?

संकेत बराच वेळ कागदाकडे बघत होता. मग म्हणाला, "आई एकटीच करता गो सगळा. तिचे गुडघे गेले." हे वाक्य तक्रारीसारखं ऐकू येऊ शकतं, आणि मुग्धाला तसंच ऐकू आलं. तिचे डोळे भरले. मी त्याला विचारलं, म्हणजे तुला काय म्हणायचंय. तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे मुग्धान करूक व्हया असा नाय. पण कोणीतरी करूक व्हया." आणि मग तिच्याकडे वळून, "तू बँक सोडूची म्हणून मी कधी म्हटलंय काय?" ती म्हणाली, "लिहिलंयस." तो म्हणाला, "होय. लिवलंय."

ते 'होय' मला पुरेसं होतं. लग्न ठरवायला ते पुरेसं नव्हतं, पण काम पुढे न्यायला होतं.

त्याच सुमारास माझ्याकडे दुसरी एक जोडी येत होती, त्यांच्यात झपाटलेपण तीन वर्षांनंतरही भरभरून होतं. भांडण, आठ दिवस अबोला, मग रडून मिठी, पुन्हा नव्यासारखं. अनिश्चितता कधी संपतच नव्हती म्हणून ध्यास उतरत नव्हता. पण त्यातला मुलगा मुलीच्या शिक्षणावरून चारचौघांत तिची खिल्ली उडवायचा. उत्साह टिकलाय हा चांगुलपणाचा पुरावा धरू नये, एवढ्यासाठी त्यांचा उल्लेख.

मुग्धा-संकेतला मी साखरपुडा पुढे ढकलायला सुचवलं. मार्गशीर्षातून थेट वैशाखात. दोन्ही घरांत कुजबुज झाली, मुग्धाच्या मावशीने तर मलाच फोन केला. पण सीझनचे तीन महिने प्रत्यक्ष जगून बघितल्याशिवाय हा प्रश्न कागदावर सुटणारा नव्हता.

पुढच्या भेटीला संकेत हिशेब घेऊन आला. गावातली एक बाई स्वयंपाकाला ठेवायची, रोज पाचशे रुपये, महिन्याचे सव्वीस दिवस धरून तेरा हजार. नोव्हेंबर ते मे सात महिने, म्हणजे एक्याण्णव हजार. चार खोल्यांच्या धंद्याला हा आकडा लहान नाही. तो माणशी जेवणाचा दर वाढवून थोडा भरून निघणार होता आणि थोडा निघणार नव्हता. संकेत म्हणाला, उरलेला मी भरीन. आईला हे पटलं नव्हतं. "घरची सून रांदुक नाय तर कोण रांदतला?" असं त्या म्हणाल्या होत्या, आणि त्यांच्या बाजूने त्यात चूक नव्हती. पस्तीस वर्षं त्यांनी चूल सांभाळली होती आणि कुणीतरी ती आता पगारी बाईच्या हातात देत होतं. मी संकेतला सांगितलं, हे आईशी तू बोलायचं, मुग्धाने नाही. हे अनेकदा चुकतं. मुलगा गप्प राहतो आणि भावी सुनेला नकार द्यावा लागतो, मग ती येण्याआधीच वाईट ठरते.

दुसरी गोष्ट मी सुचवली ती ओढीसाठी. आर्थर ॲरन यांनी 2000 साली केलेल्या प्रयोगांत, जोडप्यांना मिळून काहीतरी नवं आणि थोडं दम काढणारं करायला दिलं, अवघी सात मिनिटं, हात-पाय एकमेकांना बांधून अडथळा पार करण्यासारखं. नेहमीचं साधं काम केलेल्यांपेक्षा त्यांना आपलं नातं नंतर जास्त चांगलं वाटलं. ध्यास त्याने परत येत नाही, पण समोरच्या माणसात अजून काही नवीन आहे हे जाणवतं. मुग्धाला पोहता येत नव्हतं. समुद्रकाठी जन्म काढून पोहता येत नाही याची तिला लाज वाटायची, म्हणून तिने संकेतला कधी सांगितलंच नव्हतं. रविवारची शेवटची फेरी आटोपली की खाडीच्या उथळ पाण्यात तास-दीड तास शिकायचं ठरलं. तिसऱ्या रविवारी ती पाठीवर तरंगली, त्याने मानेखालचा हात काढून घेतल्याचं तिला कळलंही नाही. हे सांगताना तिने माझ्यासमोर मान मागे टाकून दाखवली. "तो काही बोलत नव्हता, फक्त मोजत होता, एक, दोन, तीन. मला त्याचा आवाज पाण्यातून ऐकू येत होता."

फेब्रुवारीच्या शेवटी दोघं एकत्र आले तेव्हा वह्या मी बंद केल्या. दुपारच्या सादांना अजूनही ओ येत नव्हती, पण जेवताना तो एकदा फोन बघून एक ओळ लिहायला लागला होता, 'रात्री सांग.' आणि रात्री तो विचारत होता. पोटातला गोळा परत आला नव्हता. मुग्धाने स्वतःहून त्याचा विषय काढला नाही, मीच विचारलं तेव्हा म्हणाली, "नाही. पण त्याला उशीर झाला की जेट्टीवर जाऊन उभी राहते. घाबरून नाही, दिसावा म्हणून."

स्वयंपाकाला ठेवलेली बाई डिसेंबरातच सोडून गेली होती, दुसरी मिळाली. होळीला, पाहुणे जास्त होते तेव्हा, मुग्धाने दोन दिवस रजा टाकून आत मदत केली, आणि आईंनी ती कायमची सुरुवात समजू नये म्हणून संकेतने तिसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं की ही मदत सुट्टीपुरती होती. त्यावर आई दोन दिवस बोलल्या नाहीत. गणपतीचं काय, हा प्रश्न अजून मिटलेला नाही. मुग्धाची पुढची बदली कुठे होईल हाही नाही. बदली लांब झाली तर दोन वर्षं पुन्हा शनिवार-रविवार, हे त्यांनी आपापसात बोलून ठेवलं आहे, आणि या खेपेला भेटीत अवघड विषय काढायचे असंही.

साखरपुडा वैशाखात झाला. जूनच्या पहिल्या आठवड्यात, बोटी वर ओढून झाल्यावर, ते मला भेटायला आले ते कामासाठी नाही. संकेतने फणस आणला होता. बोटीला शेवटी कुठला रंग दिला ते मी विचारलं. मुग्धा म्हणाली, "निळा. मी सांगितला."